रेफरन्स फोटोतले ब्रँड आणि लोगो काढून चित्राचं वर्णन कसं लिहायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोटो बघून चित्रकारासाठी वर्णन लिहून द्यायचं हे माझं काम. तारकर्ली-देवबागचे होमस्टेवाले, आंबा-काजू विकणारे, मुलांची चित्रपुस्तकं काढणारे असे लोक मोबाइलवर काढलेले फोटो पाठवतात, आणि चित्रात काय काय हवं ते मी शब्दांत मांडून देते. आता किनाऱ्यावरचा कुठलाही फोटो घ्या, त्यात चार-पाच कंपन्या बसलेल्याच असतात, आणि त्यांचं काय करायचं यावर तेच तेच प्रश्न परत येतात म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवलेत. बरीचशी उदाहरणं एकाच फोटोची आहेत, देवबागच्या किनाऱ्यावरच्या एका टपरीची, म्हणजे दर वेळी नवीन चित्र डोळ्यासमोर आणायला नको.

१. ब्रँड काढायचा म्हणजे नेमकं काय काय काढायचं? नाव पुसलं की झालं ना?

नाही, नाव हा फक्त वरचा थर. ब्रँड तीन ठिकाणी बसलेला असतो. पहिलं नाव, म्हणजे अक्षरं. दुसरं चिन्ह, म्हणजे लोगो, छातीवरची खूण, बिस्किटाच्या पुड्यावरचं बाळ. आणि तिसरं, जे सगळ्यात जास्त सुटतं ते म्हणजे वस्तूचं एकूण रूप: बाटलीचा आकार, वेष्टनावरचे ठरावीक रंग ठरावीक जागी, बुटाच्या बाजूचे पट्टे. कोका-कोलाच्या काचेच्या बाटलीवरचं सगळं खरवडून काढलंत तरी ती बाटली कोणाची हे शाळेतलं पोर सांगेल, कारण कमरेत आवळलेला तो उभ्या खाचांचा आकारच त्यांचा आहे. आपल्याकडच्या १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात पण खूण म्हणजे फक्त नाव नाही, मालाचा आकार, वेष्टन आणि रंगांची जुळणी हे सगळं त्यात येतं.

म्हणून फोटो हातात आला की आधी स्वतःला विचारायचं, हे मी कशावरून ओळखलं? अक्षरं वाचून की आकार बघून की रंग बघून? जिथून ओळखलं तिथे बदल करायचा, बाकीच्याला हात लावायची गरज नसते.

२. पण फोटोत ते होतंच की, आम्ही काय मुद्दाम घातलं नाही. मग काढायचं कशाला?

फोटो घरच्या अल्बमात राहणार असेल तर काढू नका, कोण विचारतंय. पण त्यावरून केलेलं चित्र माहितीपत्रकावर, पॅकिंगवर, टी-शर्टवर किंवा जाहिरातीत जाणार असेल तर तो धंद्यातला वापर झाला, आणि मग बघणाऱ्याला वाटू शकतं की त्या कंपनीचा या होमस्टेशी काहीतरी संबंध आहे. नामांकित खुणेच्या बाबतीत तर वस्तू वेगळ्या प्रकारची असली तरी कंपनी आक्षेप घेऊ शकते. शिवाय लोगो हे स्वतः एक चित्र आहे, त्यावर वेगळा कॉपीराइट असू शकतो. आणि चित्र स्टॉक इमेजच्या साइटवर विकायला टाकणार असाल तर प्रश्नच संपला, व्यावसायिक वापराच्या चित्रात लोगो दिसला की ते परत पाठवतात.

एक साधं कारण पण आहे. टपरीच्या चित्रात लाल चकाकता फ्रीज असला की डोळा पहिला तिकडे जातो, कारण तो रंग आणि ती अक्षरं लांबून दिसावीत म्हणूनच बनवलेली आहेत. तुम्हाला दाखवायची असते काकीची सोलकढी आणि चित्रात दिसतो फ्रीज.

३. "लोगो नको" किंवा "अमुक कंपनीसारखं पण नाव न घालता" असं लिहिलं तर चालेल का?

चालत नाही, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. "अमुकसारखा फ्रीज पण लोगो नको" असं वाचलं की चित्रकाराच्या डोळ्यासमोर तोच फ्रीज येतो, तो तसाच काढतो, फक्त अक्षरांच्या जागी पांढरा डाग ठेवतो. मग तो डागच ओरडून सांगतो की इथे काय होतं. "नको" या शब्दातून काय काढायचं ते कळत नाही, त्यामुळे त्या जागी काय असावं हे लिहावंच लागतं. फ्रीजच्या दारावर काय आहे? गंज? कोळी देवीचं स्टिकर? खडूने लिहिलेले भाव? ते लिहा, म्हणजे लोगो आपोआप जातो.

धूसर करायला सांगणं पण तसंच, धूसर चौकोन दिसला की माणूस डोळे बारीक करून वाचायला जातो.

४. बरं, मग लिहायचं कसं? एक फोटो घेऊन पूर्ण दाखवा.

देवबागची टपरी घेऊ. फोटो बघून पहिल्या झटक्यात कोणीही असं लिहील:

"समुद्राकाठी टपरी. कोका-कोलाचा फ्रीज, वर लेजची पाकिटं लटकलेली. काउंटरवर पार्ले-जीचे पुडे आणि बिसलेरीची बाटली. बाजूला अ‍ॅक्टिव्हा लावलेली. नायकेचा टी-शर्ट घातलेला मुलगा आयफोन बघतोय. मागे जेट स्की."

तीन-चार ओळींत आठ कंपन्या, आणि गंमत म्हणजे टपरी कशी आहे हे एका शब्दाने आलेलं नाही. नाव लिहिलं की आपल्याला वाटतं वर्णन झालं, पण खरं बघायचं काम आपण केलेलंच नसतं.

आता एकेक वस्तू घ्यायची आणि तिच्याबद्दल चार गोष्टी विचारायच्या: ही कुठल्या प्रकारची वस्तू आहे, कशाची बनलेली आहे, किती जुनी किंवा वापरलेली आहे, आणि चित्रात ती कशासाठी आहे. चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, त्यावरूनच ठरतं की वस्तू ठेवायची, बदलायची की काढूनच टाकायची.

फ्रीज चित्रात कशाला आहे? इथे थंड मिळतं हे कळायला. मग काचेचं दार, आतून दव धरलेलं, आत बाटल्या, एवढं पुरेसं आहे, लाल रंगाची गरजच नाही. रंग हिरवट पांढरा करू, खालची कड खाऱ्या हवेने गंजलेली. लटकणारी पाकिटं कशाला आहेत? टपरीच्या वरच्या कडेला रंगीत झालर मिळते म्हणून. तर झालर ठेवू, पण पाकिटं एकरंगी, चुरगळलेली, उन्हात चमकणारी, अर्धी मागून दिसणारी. बिस्किटाचे पुडे काढून तिथे काचेची बरणी, आत गोल बिस्किटं, झाकण पत्र्याचं. पाण्याची बाटली साधी पारदर्शक, आडव्या वळ्या असलेली, वरचं वेष्टन निघून गेलेलं, आणि झाकणाचा रंग मी शक्यतो पिवळा नाहीतर पांढरा देते.

स्कूटर चित्रात होती कारण ती तिथे उभी होती, बस. पण खालच्या कोपऱ्यात वजन हवं होतं म्हणून ठेवली: पाय ठेवायला सपाट जागा असलेली बिनगिअरची स्कूटर, मातकट राखाडी, सीटवर वाळायला टाकलेला टॉवेल. टॉवेलने सीटखालची नावाची जागा झाकली जाते, हा जुना उपाय आहे आणि अजून चालतो. मुलाच्या टी-शर्टवर खूण होती तिथे काहीच नाही घातलं, फक्त कपडा ओला आहे आणि छातीला चिकटलाय. मोबाइलची मागची बाजू दिसत होती, तो हातात फिरवून पडद्याचा उजेड चेहऱ्यावर पाडला, म्हणजे कॅमेऱ्यांची ती ठरावीक मांडणी दिसतच नाही. आणि मागची पाण्यावरची स्कूटर पूर्ण काढून टाकली, कारण चित्र सकाळचं शांत हवं होतं. तिथे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याची, म्हणजे रापणीची होडी आली.

शेवटचं वर्णन असं झालं:

"सकाळची वेळ, देवबागचा किनारा. माडाच्या झापांनी शाकारलेली लहान टपरी, खांब सुरूच्या लाकडाचे, काउंटर जांभ्या दगडावर टेकवलेल्या फळीचा. उजवीकडे हिरवट पांढरा काचेच्या दाराचा फ्रीज, काचेवर आतून दव, खालची कड गंजलेली. वरच्या आडव्या बांबूला खाऊच्या पाकिटांच्या माळा, एकरंगी, चुरगळलेल्या, ऊन परतवणाऱ्या. काउंटरवर गोल बिस्किटांची काचेची बरणी आणि पाण्याची वेष्टन निघालेली साधी बाटली. डाव्या कोपऱ्यात मातकट राखाडी स्कूटर, सीटवर निळा चौकटीचा टॉवेल. ओल्या टी-शर्टातला बारा-तेरा वर्षांचा मुलगा मोबाइलमध्ये मान घालून बसलाय, पडद्याचा उजेड हनुवटीवर. मागे वाळूवर ओढून घेतलेली रापणीची लाकडी होडी."

लांबी दुप्पट-तिप्पट झाली हे खरं, पण आता चित्रकार फोन करून काही विचारत नाही.

५. बोलताना आपण स्कूटी, जेसीबी, बिसलेरी असंच म्हणतो की. ही पण ब्रँडची नावं धरायची का?

हो, आणि हीच सगळ्यात जास्त सुटतात कारण ती आता नावं वाटतच नाहीत. स्कूटी हे टीव्हीएसचं नाव आहे. जेट स्की कावासाकीचं. जेसीबी ही कंपनी आहे. झेरॉक्स, फेविकॉल, मॅगी, गोप्रो, सगळी तशीच. घरात खुशाल बोला, कोणी अडवत नाही. वर्णनात मात्र प्रकाराचं नाव लिहा: बिनगिअरची स्कूटर, पाण्यावर चालणारी एका-दोघांची मोटार स्कूटर, पुढे मोठा फावडा आणि मागे खोदायचा हात असलेलं पिवळं यंत्र, नूडल्स, छातीला बांधायचा लहान कॅमेरा.

कंपनीचं नाव आहे की प्रकाराचं हे कळत नसेल तर सोपी युक्ती सांगते: दुकानात जाऊन "दुसऱ्या कंपनीची स्कूटी दाखवा" हे वाक्य नीट बसतं का बघा. "दुसऱ्या कंपनीची स्कूटर" बसतं. जे अडखळतं ते नाव.

६. रंग ठेवायचा की बदलायचा? लाल दिसलं की बदलायचंच का?

रंग कंपनीचा आहे की प्रकाराचा हे बघा. घरगुती गॅसचं सिलिंडर बहुतेक लालच असतं, कंपनी कुठलीही असो, तर तो लाल ठेवा आणि फक्त नाव काढा, नाहीतर चित्रात ते सिलिंडर आहे हेच कळणार नाही. रिक्षा काळी-पिवळी असते ती परवान्यामुळे, कंपनीमुळे नाही, तशीच ठेवा. खोदायचं यंत्र पिवळं ठेवा, अनेक कंपन्यांची पिवळीच असतात.

उलट चॉकलेटचं वेष्टन जांभळं आणि त्यावर सोनेरी कड, किंवा बिस्किटाचा पुडा पिवळा आणि त्यावर पांढरे पट्टे, हे एकाच कंपनीकडे बोट दाखवतात. तिथे एकटा रंग क्वचितच पकडला जातो, जुळणी पकडली जाते. म्हणून पिवळा ठेवायचाच असेल तर पट्टे काढा, पट्टे हवे असतील तर रंग बदला. दोन्ही ठेवून वर कितीही नाव खोडलं तरी पुडा ओळखू येणारच.

७. एवढं सगळं काढल्यावर चित्र कुठलंही वाटतं. कोकण राहतच नाही त्यात.

ही तक्रार बरोबर आहे, पण त्याचं कारण काढणं नाही, काढल्यावर त्या जागी काही न ठेवणं हे आहे. "एक बाटली", "एक पेय", "एक दुकान" असं लिहून मोकळे झालात तर ते चित्र देवबागचं पण नाही आणि दुसरीकडचं पण नाही. माझा नियम असा की कंपनीची वस्तू गेली की त्या जागी त्याच कामाची, त्या गावात खरोखर असणारी वस्तू बसवायची.

थंड पेयाची बाटली गेली? मग गोटी सोड्याची बाटली घ्या, गळ्यात काचेची गोळी अडकलेली. १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये हिरॅम कॉड नावाच्या माणसाने पेटंट घेतलेला आकार आहे तो, पेटंट कधीच संपलं, आता कोणीही काढा. किंवा कोकम सरबताचा काचेचा ग्लास, खाली गडद तांबडा आणि वर फिकट. प्लास्टिकची कंपनीची छत्री गेली तर झापांचा आडोसा. जाहिरातीचा फलक गेला तर जांभ्याचा उघडा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत. छापील कॅलेंडर भिंतीवर होतं तिथे वाळत टाकलेली सुपारी नाहीतर टांगलेलं मासळीचं जाळं.

पण एक सांभाळा, सगळंच जुनं करू नका. टपरीवर प्लास्टिकच्या खुर्च्या असतात, पत्रे असतात, मोबाइलचे चार्जर लोंबत असतात, आणि ते सगळं बिनब्रँडचं दाखवता येतं. प्रत्येक जागी माडाची झापं आणि कंदील आले की ते पर्यटनाच्या फलकावरचं कोकण होतं, खऱ्या गावातलं नाही.

८. हापूस, कोल्हापुरी चप्पल, वेंगुर्ल्याचा काजू ही नावं पण काढायची का?

नाही! हे उलट्या बाजूचं टोक. हापूस ही आंब्याची जात आहे, कंपनी नाही. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव एका प्रदेशाच्या मालाचं आहे, एका दुकानाचं नाही. वर्णनात "पिवळं फळ" लिहिलंत तर चित्रकार तोतापुरी काढेल आणि रत्नागिरीचा गिऱ्हाईक तुम्हाला हसेल. "हापूस, देठाजवळ केशरी झाक, खांदा भरलेला, चोच नसलेला" असंच लिहा.

फरक फक्त इथे आहे की पेटीवर काय छापलंय. पेटीवर एखाद्या बागायतदाराचा लोगो असेल तर तो जातो. आणि पेटीवर "देवगड हापूस" अशी अक्षरं चित्रात हवीत असं गिऱ्हाईक म्हणालं तर आतला माल खरंच तिथला आहे का ते विचारून घ्या, कारण मानांकन मिळालेलं नाव भलत्या मालावर टाकणं हा वेगळाच गुन्हा आहे. सुकं गवत घातलेली लाकडी पेटी काढली तर कुठली अक्षरं लागतच नाहीत.

९. नाव थोडं बदलून टाकलं तर? एखादं अक्षर इकडचं तिकडे?

हे करू नका. यातून उलट असं दिसतं की तुम्हाला मूळ नाव माहीत होतं आणि मुद्दाम जवळ गेलात. कायद्यात खूण हुबेहूब असावी लागत नाही, फसण्याइतकी सारखी असली तरी पुरते. बाजारात खोट्या मालाच्या पुड्यांवर अशीच नावं असतात, त्यामुळे तुमचं चित्र पण तसंच वाटतं.

गोष्टीसाठी खोटी कंपनी हवीच असेल, मुलांच्या पुस्तकात बिस्किटांचा कारखाना वगैरे, तर नाव, रंग आणि आकार तिन्ही नव्याने करा, आणि ते नाव भारत सरकारच्या ट्रेडमार्क नोंदणीच्या साइटवर फुकट शोधून बघा. माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग असतात, बिस्किटं ३० मध्ये, कपडे २५ मध्ये, थंड पेयं ३२ मध्ये, तर तुमच्या वस्तूचा वर्ग टाकून बघितलं की पटकन कळतं. "आजोबांच्या काळचं आहे, आता मोकळं असेल" हा अंदाज मात्र सोडा. पेटंट २० वर्षांनी संपतं पण ट्रेडमार्क दर १० वर्षांनी नूतनीकरण करत कितीही काळ चालवता येतो.

१०. गाडीचं नाव काढलं तरी गाडी ओळखू येतेच. थार, बुलेट यांचं काय करायचं?

गाडी समोरून ओळखू येते, जाळी आणि दिवे यांच्यामुळे. उभ्या खाचांची जाळी आणि दोन्ही बाजूंना गोल दिवे हे रूप जीपचं म्हणून इतकं घट्ट आहे की महिंद्राच्या रॉक्सर गाडीवरून अमेरिकेत वाद झाला, तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने २०२० मध्ये जीपच्या बाजूने निर्णय दिला आणि रूप बदललेल्या गाडीलाच पुढे मोकळीक मिळाली. म्हणजे नावाचा प्रश्नच नव्हता, चेहऱ्याचा होता.

म्हणून गाडी शक्यतो मागून किंवा तिरकी दाखवा. समोरूनच हवी असेल तर जाळीच्या जागी आडव्या पट्ट्या आणि दिवे चौकोनी, एवढ्यात निभावतं. "उंच, डबा आकाराची चार चाकी गाडी, कापडी टप, चाकांवर ओली वाळू" हे वर्णन कोणाचंच नाही आणि तरी बघणाऱ्याला कळतं की मुंबई-पुण्याचे पाहुणे आलेत. बुलेटसाठी "जुन्या धाटणीची जड मोटारसायकल, गोल दिवा, थेंबासारखी टाकी" लिहा, पण टाकीवरच्या हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा लिहू नका, गाडी तिथे पकडली जाते.

११. कपडे आणि बूट?

छातीवरची खूण काढणं सोपं, वर प्रश्न ४ मध्ये केलंय तसं. अडचण पट्ट्यांची. बाहीवरून खाली येणारे तीन समांतर पट्टे हीच आदिदासची खूण आहे, आणि दोन किंवा चार पट्टे काढले की सुटलो असं समजू नका, त्यावरून पण त्यांनी भांडणं केलेली आहेत. पट्टे बाजूला नकोच, बाहीच्या टोकाला एक रुंद काठ द्या. क्रिकेटची निळी जर्सी असेल तर साधा निळा टी-शर्ट आणि पाठीवर आकडा चालतो, पण मंडळाचं चिन्ह, प्रायोजक आणि खेळाडूचं आडनाव तिन्ही जातात.

१२. रेड क्रॉस, आयएसआय, शाकाहारीचा हिरवा ठिपका, एसटीची खूण हे तर कंपन्यांचे ब्रँड नाहीत ना?

कंपन्यांचे नाहीत पण सगळ्यांना एकच नियम लागत नाही.

रेड क्रॉस लोक अगदी सहज काढतात, गावचा दवाखाना म्हटलं की पांढऱ्यावर लाल अधिक. ते चिन्ह जिनिव्हा करारांनी राखलेलं आहे आणि आपल्याकडे त्यासाठी १९६० चा वेगळा कायदा आहे, परवानगीशिवाय वापरता येत नाही. दवाखाना दाखवायला हिरव्यावर पांढरं अधिक किंवा नुसता स्टेथोस्कोप घ्या. आयएसआयची खूण म्हणजे माल प्रमाणित आहे असा दावा, ती काढून टाका. राजमुद्रेला हात लावू नका, तिला पण कायदा आहे.

हिरवा ठिपका कोणाचा ब्रँड नाही, पण तो खऱ्या पाकिटाची खूण असल्याने काल्पनिक पाकिटावर मी सहसा ठेवत नाही. आणि एसटी? लाल गाडी ठेवा, वळणाचा घाट ठेवा, खिडकीतून बाहेर आलेले हात ठेवा, फक्त महामंडळाची खूण आणि गाडीवरची अक्षरं जाऊ द्या. लाल डबा म्हटल्यावर अक्षरं लागतात कोणाला.

१३. इमारती आणि किल्ले?

सिंधुदुर्ग किल्ला, विजयदुर्ग, देवळं, दीपगृह, खुशाल काढा. पण इमारत ट्रेडमार्क होऊच शकत नाही असं नाही. मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या बाह्यरूपाची २०१७ मध्ये नोंदणी झाली, त्यामुळे "मुंबईहून कोकणात" असं काही चित्र असेल आणि ते विकायचं असेल तर तो घुमट मुख्य वस्तू करू नका, बंदराची लांबची रेघ पुरेशी होते. रिसॉर्टच्या कमानीवर नाव असेल तर प्रश्न १४ बघा.

१४. गावातल्या दुकानाची पाटी, बोटीचं नाव, गाडीचा नंबर?

हे ब्रँडपेक्षा माणसांचं आहे. लहान दुकानदाराने ट्रेडमार्क घेतलेला नसला तरी पाटीवर त्याचं नाव आणि मोबाइल नंबर असतो, तो चित्रात जाऊ देऊ नका. पाटी ठेवा, अक्षरांच्या जागी उन्हाने उडालेला रंग ठेवा. बोटीवर बहुतेक देवाचं नाव असतं, ते कोणाचं एकट्याचं नाही, पण नाव आणि नोंदणी क्रमांक एकत्र आले की ती एका ठरावीक माणसाची बोट होते, म्हणून क्रमांक काढा. नंबरप्लेटवर एमएच-०७ एवढंच वाचता आलं तर ती सिंधुदुर्गातली गाडी हे कळतं आणि ते बरंच आहे, पुढचे आकडे चिखलाने झाकलेले लिहा. पावसाळ्यातलं चित्र असेल तर कोणाला शंका पण येत नाही.

१५. ब्रँड ठेवलाच पाहिजे असं कधी असतं का?

असतं. बातमी, परीक्षण, इतिहासाचं लिखाण, जिथे ती कंपनीच विषय आहे तिथे नाव काढलं तर लिखाण खोटं होतं. एखादा मच्छीमार आपल्या बोटीचं इंजिन कोणत्या कंपनीचं आणि ते का बिघडतं हे सांगतोय तर तिथे "एक इंजिन" लिहून काय उपयोग? प्रामाणिकपणे वस्तू कुठली ते सांगण्यापुरता वापर कायद्यालाही मान्य आहे. फरक हा की तिथे नाव माहिती म्हणून येतं, सजावट म्हणून नाही.

१६. ब्रँड सगळे काढले, म्हणजे आता तो फोटो वापरायला मोकळा?

नाही, ही दोन वेगळी कुलपं आहेत. फोटो काढणाऱ्याचा कॉपीराइट तसाच राहतो. दुसऱ्याच्या फोटोतली मांडणी, कोन, उजेड जसाच्या तसा उचलून फक्त लोगो बदलला तर अडचण राहतेच. स्वतःचा फोटो घ्या, किंवा दोन-तीन फोटोंतून मांडणी नवीन करा.

याच्याशी जोडलेली एक सवय सांगते: वर्णन पाठवताना मूळ फोटो सोबत जोडू नका. चित्रकार माणूसच आहे, फोटो समोर असला की तुमचं वर्णन न वाचता तो फोटोच काढतो आणि सगळे ब्रँड परत येतात. पोज किंवा होडीची बांधणी दाखवायची असेल तर तेवढाच तुकडा कापून पाठवा.

१७. वर्णन पुरेसं झालं की नाही ते कसं तपासू?

ज्याने फोटो बघितलेला नाही अशा माणसाला वर्णन वाचून दाखवा आणि प्रत्येक वस्तूला विचारा, "ही कुठल्या कंपनीची?" मी हे शेजारच्या काकींवर करते, त्यांना चित्रकलेत काडीचा रस नाही म्हणून त्यांचं उत्तर चोख असतं. तीन उत्तरं येऊ शकतात. पटकन कंपनीचं नाव आलं तर ब्रँड अजून आत आहे, मग आकार, रंगांची जुळणी आणि खुणेची जागा यातल्या निदान दोन गोष्टी बदला, एकीने भागत नाही. "खयची पण आसात", म्हणजे कुठलीही असेल, असं आलं तर काम झालं. आणि "म्हंजे नेमका काय ता?" असं विचारलं तर तुम्ही जास्त पुसलंय, प्रकाराचं नाव आणि साहित्य परत घाला.

चित्र तयार झाल्यावर परत एकदा तेच करा, आणि चित्र लहान करून, मोबाइलवर अंगठ्याएवढं करून बघा. अक्षरं दिसत नाहीत अशा आकाराला रंगांची जुळणीच उरते, तेव्हा पिवळा-पांढरा पुडा किंवा लाल फ्रीज लगेच उठून दिसतो.

१८. आणि गिऱ्हाईकाचा स्वतःचा लोगो? होमस्टेवाला म्हणतो माझं नाव तर हवंच.

त्याचं आहे, त्याला ठेवायचा पूर्ण हक्क आहे, पण तो चित्रात काढून घेऊ नका. चित्रकाराने हाताने काढलेला लोगो दर वेळी थोडा वेगळा होतो आणि मग गिऱ्हाईक म्हणतं हा आमचा नाही. वर्णनात रिकामी जागा मागा: "फाटकाशेजारी लाकडी पाटी, रुंदी उंचीच्या तिप्पट, समोरून सरळ, वर काही लिहिलेलं नाही, सावली पडलेली नाही." मग छपाईच्या वेळी त्याच्या फाइलमधला लोगो तिथे बसवतात. पाटी तिरकी काढली असेल तर लोगो वाकवावा लागतो आणि तो वाकडाच दिसतो, म्हणून "समोरून सरळ" हे दोन शब्द विसरू नका.